बटणची पोस्ट कोणी लिहायची

बटण गेला त्या दिवशी दवाखान्यातून घरी येऊन आम्ही त्याचं पाण्याचं भांडंसुद्धा उचललं नव्हतं, आणि छोटीची पोस्ट मोबाइलवर पडलीही होती.

छोटी म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. दुसऱ्या शहरात नोकरीला असते. नवऱ्याने दवाखान्याच्या दारातूनच तिला फोन करून सांगितलं होतं, आणि ते बरोबरच केलं. घरच्या माणसाला अशी बातमी मोबाइलवर वाचून कळू नये. पण फोन ठेवल्याबरोबर बाईसाहेबांनी डोळे पुसायच्या आधी पोस्ट टाकली असणार, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही थोडं वाटतंच.

मी स्वयंपाकघरात उभी राहून ती वाचली. वर फोटो. बटण अगदी इवलंसं कुत्र्याचं पिल्लू, पिवळ्या टॉपमधल्या छोटीच्या खांद्यावर हनुवटी टेकून झोपलेला, खिडकीतून नेमका दोघांच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड. खाली लिहिलं होतं, ‘एका संध्याकाळी तू माझ्या पिशवीतून डोकं बाहेर काढलंस आणि माझं घर तुझं झालं. नऊ वर्षं तू मला न मागता माया दिलीस.’ असं बरंच पुढे जाऊन अगदी शेवटी, ‘आज माझा बटण गेला.’

नऊ नाही, अकरा. आणि माझा?

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खाली लोकांची रांग लागली होती. ‘खंबीर राहा गं.’ ‘तुझ्यासारखी आई मिळायला भाग्य लागतं.’ एकीने तर कहर केला. ‘त्याला सांभाळणाऱ्या तुझ्या दादा-वहिनीचेही आभार मान,’ म्हणे. सांभाळणाऱ्या! जसा काही मी पाळणाघराचा फलक लावून बसले होते. त्यातल्या त्यात एक समाधान मिळालं. बातमी शेवटच्या ओळीत असल्यामुळे तिघाचौघांनी फक्त वरचा फोटो आणि सुरुवात वाचली होती आणि खाली ‘हॅपी बर्थडे बटण!’ लिहून, फुगे लावून मोकळे झाले होते. छोटीला त्या प्रत्येकाला खुलासा करावा लागत होता. मी ते खुलासे वाचले. दोनदा वाचले.

‘अकरा वर्षं, नऊ नव्हे,’ असं मीही खाली टाइप केलं. मग नवऱ्याची चाहूल लागली म्हणून पुसलं.

आता खरी हकिगत सांगते. पिल्लू छोटीनेच आणलं, यात वाद नाही. रस्त्याच्या कडेला सापडलं, पिशवीत घालून घरी आणलं. आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, कोट ढिला करणं, असली कामं. शिवते मी, इस्त्री आणि पोचवापोचवी नवरा करतो. दुसऱ्याच दिवशी त्या पिल्लाने एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं. ते बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे मागे कागद घेऊन कोण फिरलं? मी. सापडल्यावर उकळत्या पाण्यात टाकून, धुऊन पुन्हा कोटाला कोणी लावलं, तेही मीच. गिऱ्हाइकाला अजून माहीत नाही. नाव मात्र छोटीने ठेवलं.

दोन वर्षांनी तिला नोकरी लागली. भाड्याच्या खोलीत कुत्रा चालत नव्हता. ‘वहिनी, जरा स्थिरस्थावर झाले की घेऊन जाते,’ म्हणाली. ती स्थिरस्थावर झाली, तिचं मांजरही आलं, पण बटण आमच्याकडेच राहिला. आणि आम्हीही कधी ‘घेऊन जा’ म्हटलं नाही. म्हणजे मी म्हणू दिलं नाही. नवरा एकदा तोंड उघडत होता, त्याला मी इस्त्रीकडे बघा म्हणून सांगितलं.

मग नखं कापणं, कान धुणं, गोचिड्या काढणं, फटाक्यासारखा कुठलाही आवाज झाला की त्याला टेबलाखालून बाहेर काढणं, सगळं माझ्याकडे. शेवटच्या वर्षात किडन्या गेल्या. आधी पाणी फार प्यायला लागला, मग वजन उतरलं, मग तोंडाला वास. डॉक्टरीणबाईंनी मला घरी कातडीखाली सलाइन द्यायला शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई त्या तंबूत घालायची, बाटली वर टांगायची. खांद्यावर पाण्याचा लिंबाएवढा, मग पपईएवढा फुगवटा यायचा आणि हळूहळू पुढच्या पायाकडे उतरून जिरायचा. बाटली मी कोट टांगायच्या हुकाला लावायचे. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून उसासे टाकायचा. रोज. हे छोटीच्या पोस्टमध्ये कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि माझी परीक्षा सुरू झाली. जो येईल तो दारातच विचारणार, ‘आज साहेब कुठायत?’ पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नीट बोलले. दुसऱ्यांदा अर्धंच सांगून मशीनकडे वळले. गाणं शिकवणाऱ्या बाई ब्लाउज न्यायला आल्या. त्या बिचाऱ्या पर्समधून बिस्किट काढून खाली वाकल्या, टेबलाखाली ‘बटणराव, बटणराव’ करत डोकावल्या, आणि मी वर बघत बसले. शेवटी नवऱ्याने सांगितलं. बिस्किट हातात धरून बाई किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या.

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, “हे बघ, असं प्रत्येकाला सांगत बसलीस तर तुझे हाल होतील. दुकानाच्या पेजवर टाकून देऊ. लोक वाचून येतील.”

“टाकायलाच हवं,” मी म्हटलं.

“छोटीने एवढं छान लिहिलंय. तेच शेअर कर.”

मी कात्री खाली ठेवली. “काय म्हणालात?”

“शेअर कर म्हटलं. तयार आहे ना.”

“तयार आहे! अहो, त्या पोस्टीत आपण पाळणाघरवाले आहोत. दुकानाच्या पेजवर माझ्या कुत्र्याची बातमी तुमच्या बहिणीच्या पिवळ्या टॉपसकट टाकू? आणि वय चुकलंय. आणि बातमी शेवटच्या ओळीत. लोक इथे येऊन मला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतील.”

“मग तू लिही,” नवरा इस्त्रीकडे वळत म्हणाला. तो शहाणा माणूस आहे.

“लिहितेच. बघाच तुम्ही.”

आधी फोटो निवडायचा असं ठरवलं. पोस्टीत लोक पहिल्यांदा फोटो बघतात, मग वाटलं तर वाचतात. माझ्या मोबाइलमध्ये बटणचे शेकडो फोटो होते, त्यामुळे त्याची मला चिंताच नव्हती. दुपारी गर्दी ओसरल्यावर खुर्चीत बसून बघायला लागले आणि माझं तोंड उतरत गेलं. बटणच्या हिरड्यांचा फोटो. बटणच्या डाव्या कानाच्या आतला फोटो. पोटावरचं पुरळ, जवळून. तेच पुरळ, मलम लावल्यावर. वर्तमानपत्रावरची उलटी, शेजारी अंदाज यावा म्हणून ठेवलेली मापाची टेप. शी, तीन दिशांनी. सगळे डॉक्टरीणबाईंना पाठवायला काढलेले. संबंध कुत्रा एका फ्रेममध्ये बसलेला असे फोटो शोधून शोधून चार मिळाले, आणि त्यातल्या दोनांत तो सलाइनच्या फुगवट्यामुळे उंटासारखा दिसत होता.

आणि मी? मी एकाही फोटोत नव्हते. फोटो काढणारी मीच, तर असणार कुठून? अकरा वर्षं एका छताखाली राहून माझा आणि त्याचा एकत्र असा एक फोटो नव्हता. छोटीकडे ढिगाने होते. सुट्टीला यायची, दोन दिवस राहायची, त्याला कडेवर घेऊन गच्चीत जायची आणि दादाला फोटो काढायला लावायची. दादाही काढायचा. माझा काढावा असं त्याला कधी सुचलं नाही, आणि मलाही कधी म्हणावंसं वाटलं नाही. तेव्हा त्याची गरज नव्हती. कुत्रा पायाशी होता.

मी इतकी चिडले की मोबाइल कपड्यांच्या ढिगात फेकून दिला. मग तो शोधायला ढीग उपसावा लागला.

त्या दिवशी संध्याकाळी पहिला खर्डा लिहिला. नवऱ्याला वाचून दाखवला. ‘अकरा वर्षं बटणचं सगळं आम्ही केलं. रोज सकाळी साडेसहाला फिरायला नेणं, दर पंधरा दिवसांनी आंघोळ, महिन्याला जंताचं औषध, गेलं वर्षभर सलाइन...’ असं जोरात वाचत होते. नवरा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू दात दुखल्यासारखा भाव आला.

“काय झालं?”

“काही नाही. नोकरीसाठी अर्ज असतो ना, तसा वाटतोय.”

“म्हणजे खोटं आहे का यातलं काही?”

“खोटं काहीच नाही. पण यात बटण कुठाय? यात तूच आहेस. आणि खरं सांगू? यात छोटी आहे. प्रत्येक ओळ तिला ऐकवायला लिहिलीयेस.”

मला फार राग आला, कारण ते अगदी खरं होतं.

दुसरा खर्डा गोड लिहिला. ‘बटण आता जिथे असेल तिथे शेपूट हलवत धावत असेल.’ लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मग आठवलं, बटण कुठेही कधी धावलेला नाही. चेंडू फेकला तर तो आधी चेंडूकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि ‘तूच फेकलास, तूच आण’ अशा चेहऱ्याने खाली बसायचा. धावत वगैरे गेला असेल तर तो दुसऱ्या कोणाचा तरी कुत्रा. तेही पुसलं.

उरलेली औषधं आणि न उघडलेल्या सलाइनच्या बाटल्या परत द्यायला दवाखान्यात गेले. कुणा दुसऱ्याच्या उपयोगी पडतील म्हणून. डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मॅडम, पोस्टीत लिहायचं का, की आपण त्याला इंजेक्शन देऊन... म्हणजे, तो झोपेत आपोआप गेला असं नाही...”

त्यांनी हातातलं काम ठेवलं. “तुम्हाला लिहायचंय का?”

“लपवल्यासारखं नको वाटायला.”

“मग एका वाक्यात लिहा आणि पुढे जा. शेवटच्या दिवसाचं सविस्तर लिहिलंत की खाली चर्चा सुरू होते. एक म्हणतो घाई केली, दुसरा म्हणतो उशीर केला, तिसरा त्याच्या कुत्र्याला कुठल्या पाल्याने बरं वाटलं ते सांगतो. तुम्हाला ते आत्ता झेपणार नाही. घाई केलेली नाही आपण. आणि उशीरही नाही.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि पिल्लू नकोय हे आत्ताच लिहून टाका. नाहीतर आठवड्याच्या आत कोणीतरी खोक्यात घालून आणून ठेवेल. प्रेमाने आणतात हो, पण मग ते परत नेतानाचं रडणं मी बघते.”

घरी येऊन मशीनवर बसले. एक पॅन्ट आखूड करायची होती. उजवा पाय खाली मशीन चालवायच्या पायट्यावर ठेवला, आणि डावा आपोआप बाजूला, स्टुलाच्या कडेला. बटणमुळे ती सवय लागलेली. तो रोज पायट्याच्या डाव्या अर्ध्या भागावर मान टाकून झोपायचा. मशीन चाललं की त्याचं डोकं पायट्याबरोबर वर-खाली व्हायचं आणि त्याला त्यात कमालीचं सुख वाटायचं. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी एका पायाने शिवते. आता अख्खा पायटा मोकळा होता आणि माझा डावा पाय तिकडे जायला तयार नव्हता.

मी पॅन्ट बाजूला ठेवली आणि तिथेच मोबाइलवर लिहिलं.

‘आपल्या दुकानातला बटण सोमवारी गेला. अकरा वर्षांचा होता. किडन्या थकल्या होत्या. त्रास वाढल्यावर डॉक्टरांनी आणि आम्ही मिळून त्याला शांत झोपू दिलं. तुमच्यापैकी पुष्कळांना तो ट्रायलच्या पडद्याआडून ओळखायचा. ऐन वेळी पडदा दातात धरून ओढण्याबद्दल ज्यांची ज्यांची माफी मागायची राहिली, त्यांची आज मागते. मापाची टेप सटकन आत गेली की तो तिच्यावर भुंकायचा, पण अनोळखी माणसावर कधी भुंकला नाही. मशीनच्या पायट्यावर डोकं ठेवून झोपायचा, म्हणून मी एका पायाने शिवायला शिकले. तुमच्या पॅन्टींची एखादी शिवण वाकडी गेली असेल तर त्याला कारण तो. दुकान उघडं आहे. दाराशी त्याची चौकशी केलीत तरी चालेल, आता मला बोलता येईल. पिल्लू मात्र कृपया आणू नका.’

फोटो निवडला पायाचा. एका पायाच्या पंजाला जखम झाली होती तेव्हा डॉक्टरीणबाईंना पाठवलेला. त्यात बटणचा पंजा होता आणि तो धरलेला माझा हात, बोटावर सुई टोचू नये म्हणून घातलेल्या अंगुस्तानासकट. हातापुरती का होईना, मी त्याच्याबरोबर होते.

एक ओळ मी लिहिली नाही. मनात आली होती. आली तशी दाबली.

पोस्ट टाकली आणि दुपारपर्यंत माझी कॉलर ताठ झाली. बँकेच्या दारावरचा पहारेकरी लिहून गेला, की पडदा ओढला तेव्हा तो एका पायात पॅन्ट घालून उभा होता आणि रस्त्यावरून त्याचे साहेब चालले होते. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं, ‘माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांपेक्षा तालात मान हलवायचा.’ लोक हसत होते, रडत होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा एकीनेही दिल्या नाहीत. मी दर दहा मिनिटांनी माझी पोस्ट बघत होते आणि मग छोटीची. तिच्या पोस्टीखाली लाल बदाम जास्त होते, पण माझ्याकडे गोष्टी जास्त होत्या. एवढं मी मोजत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग पहारेकरीच गोंधळून दुकानात आला. “वहिनी, मी तुम्हाला मेसेज पाठवला, वाईट वाटलं म्हणून. तर तुम्ही हे काय उत्तर दिलंत?” मोबाइल पुढे केला. त्याने लिहिलं होतं, ‘बटणबद्दल वाचून फार वाईट वाटलं.’ खाली आमच्या दुकानाकडून लगेच गेलेलं उत्तर, ‘संपर्काबद्दल धन्यवाद! आपलं काम दोन दिवसांत तयार होईल. तातडीचं असल्यास जादा आकार पडेल.’

पेजवरचं आपोआप जाणारं उत्तर! कित्येक महिन्यांपूर्वी नवऱ्याने लावून ठेवलं होतं, बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. आत जाऊन बघते तर वीस-बावीस जणांनी सांत्वन पाठवलेलं आणि त्या प्रत्येकाला आम्ही दोन दिवसांत काम तयार करून देणार होतो. मी कपाळावर हात मारला. पहारेकरी आधी बावरला, मग हसायला लागला, मग मीही हसले. बटण गेल्यावर पहिल्यांदा. नवऱ्याने उत्तर बंद केलं आणि मी एकेकाला हाताने लिहायला बसले.

त्या मेसेजांत छोटीचं काही नव्हतं. पोस्टीखालीही नव्हतं. बदामसुद्धा नाही. जळत असेल, मी मनात म्हटलं. जळू दे. मला कसं झालं ते कळू दे तिला.

संध्याकाळी तिचा फोन आला. नवऱ्याला नाही, मला.

“वहिनी, वाचलं मी. सकाळीच वाचलं.”

“बरं.”

“किती छान लिहिलंयस गं. पायट्याचं मला माहीतच नव्हतं. म्हणजे त्याचं डोकं असं वर-खाली...” तिने नाक ओढलं. मग म्हणाली, “मी सारखं वाचतेय. आधी लक्षात नाही आलं कशासाठी वाचतेय. मग कळलं. मी कुठे आहे का ते शोधत होते.”

मी मशीनवरचे दोरे वेचायला लागले.

“नसणारच. नऊ वर्षं तू केलंस. माझं गणितपण बघ ना, मी नऊ लिहिलं. मी गेल्यापासूनची वर्षं मोजली, त्याचं वय म्हणून. लाज वाटली मला. मला त्याचं म्हातारपण माहीतच नाही, म्हणून मी पिल्लाबद्दल लिहिलं. माझ्याकडे तेवढंच होतं.”

“तुझे फोटो चांगले आहेत,” मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

“एक विचारू? खरं सांगशील?” ती म्हणाली. “शेवटी शेवटी मी त्याला आठवत होते का?”

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या हातात तिला हवं ते होतं, आणि ते द्यावंसं मला अजिबात वाटत नव्हतं. ‘कुत्री विसरतात गं’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. खोटं आहे हे कोणाला कळलं असतं? नवऱ्यालासुद्धा नाही, रविवारी तो झोपलेला असतो. साक्षीदार एकच होता आणि तो गेला होता.

पण मी तिचा श्वास ऐकत होते. ती जीव मुठीत धरून बसली होती, दवाखान्यात रिपोर्टसाठी बसतात तशी.

“रविवारी तू फोन करतेस ना,” मी म्हटलं, “मी शिवता शिवता बोलते म्हणून फोन स्पीकरवर असतो. तुझा आवाज आला की तो पायट्यावरून उठायचा. दर वेळी. पुढे पुढे त्याचे मागचे पाय उचलत नव्हते, तरी उठायचा. टेबलाशी येऊन मोबाइलला नाक लावून उभा राहायचा. काच ओली व्हायची. तू ठेवलास की मग थोडा वेळ दाराकडे तोंड करून बसायचा.”

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

“गेल्या रविवारीसुद्धा,” मी म्हटलं.

“वहिनी, तू हे लिहिलं का नाहीस?”

“कारण मी जळत होते!” मी एकदम ओरडलेच. “एवढी सगळी वर्षं मी करायचं, आणि तुझा आवाज आला की त्याने माझा पाय सोडून जायचं! कुठल्या तोंडाने लिहू ते?”

छोटी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. “मी सकाळपासून तुझ्या त्या एका पायावर जळतेय,” ती म्हणाली. “ऑफिसात सगळे सांत्वन करतायत आणि मी बाथरूममध्ये जाऊन वाचतेय, एका पायाने शिवायला शिकले म्हणे. मला काय शिकवलं त्याने? काहीच नाही. मी त्याच्याबरोबर राहिलेच नाही.”

मला तिच्याबद्दल माया वाटली असं मी म्हणणार नाही. वाटली असेल थोडी. जास्त करून मला थकवा आला होता.

फोन ठेवल्यावर पोस्ट उघडली, बदल करायला घेतली. पायट्याच्या वाक्यानंतर ती दाबलेली ओळ लिहिली. ‘त्याला पिशवीतून घरी आणणाऱ्या छोटीचा आवाज फोनवर आला की मात्र तो पायटा सोडून उठायचा, शेवटच्या रविवारपर्यंत.’ ‘मात्र’ लिहिताना हात अडला, पण लिहिलं. पोस्टीच्या माथ्यावर ‘बदल केला’ अशी बारीक खूण आली. बदल केल्याचा निरोप कोणाला जात नाही. ज्यांनी आधी वाचलं त्यांना ती ओळ कळणारही नव्हती. म्हणून छोटीला वेगळं लिहून कळवलं, ‘परत वाच.’ तिने तिच्या पोस्टीतलं वय दुरुस्त केलं आणि वर पहिलीच ओळ घातली, ‘बटण गेला.’ खाली आमची पोस्ट जोडली. ‘तो खरा कसा होता ते इथे वाचा,’ असं लिहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीन गिऱ्हाईक आलं. कॉलेजात शिकवणाऱ्या बाई होत्या, कोटाचं अस्तर बदलून हवं होतं. पोस्ट कोणीतरी पाठवली म्हणून दुकान कळलं, म्हणाल्या. कोट टेबलावर पसरता पसरता त्यांनी विचारलं, “ती छोटी कोण? मला नीट समजलं नाही. म्हणजे कुत्रा नक्की कोणाचा होता? तुमचा की तिचा?”

नवऱ्याने इस्त्री उचलून धरली. वाफ तशीच वर जात राहिली.

“तिचा,” मी म्हटलं. बोलून बघितलं. दुखलं. पण बोलता आलं.

“असं होय. मग तुम्ही?”

मी टाचण्यांची डबी उघडली, अस्तराची कड दुमडली आणि पहिली टाचणी टोचली.

“मी त्याची होते,” मी म्हटलं.